तिसरा माणूस कुठे आहे?

"दोन्ही गटांनी मनापासून क्षमा केली की समेट झालाच."

समेटावरच्या प्रवचनातलं हे वाक्य मला अपुरं वाटलं. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात पौल मतभेद झालेल्या दोन स्त्रियांना एकमनाची व्हा म्हणतो: युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेलाही, दोघींना वेगवेगळी पण सारखीच. चूक कोणाची, हे सांगत नाही. लगेच पुढच्या वचनात आपल्या सोबत्याला म्हणतो, या दोघींना साहाय्य कर. प्रवचनात नेमकं हेच राहून गेलं.

आमची मंडळी फुटली तेव्हा वेदीसमोर गळाभेटी झाल्या. पण सभागृहाच्या किल्ल्या आणि हिशेबाची वही एकाच गटाकडे राहिली, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा वेगळ्या प्रार्थनासभा सुरू! दोघांनाही मान्य असलेल्या एका वडीलधाऱ्यांनी ती वही सर्वांसमोर ओळीओळीने वाचली, तेव्हा कुठे बोलणी सुरू झाली. तीही आधी पैशांची, क्षमेची नंतर.