वेगामुळे नव्हे: फ्लाव्हिओंबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

> "रेडिओ आणि इंधनाचं एवढं कौतुक कशाला? पहिल्या महायुद्धात रणगाडे रांगत होते, 1940 मध्ये जर्मनांचे पळू लागले आणि फ्रेंच हरले. इतकं साधं आहे."

फ्लाव्हिओंच्या लढाईत फ्रेंच रणगाडे हरले ते रेडिओ आणि इंधनापायी, या माझ्या म्हणण्यावर ही प्रतिक्रिया आली. पण 1940 मधला फ्रेंच रणगाडा सोमुआ एस-35 ताशी 40 किलोमीटर धावायचा, जर्मन रणगाडा पान्झर 3 सुद्धा साधारण तेवढाच. त्यामुळे नुसत्या वेगावर हा निकाल लावता येत नाही.

रांगणाऱ्या रणगाड्यांनाही डावपेच होते. फ्रान्समधल्या कांब्रेला, 20 नोव्हेंबर 1917 रोजी, ब्रिटिश मार्क 4 रणगाडे पाठीवर लाकडाच्या जाडजूड मोळ्या घेऊन तिघातिघांनी निघाले. पहिला काटेरी तारा तुडवून खंदकाच्या अलीकडेच डावीकडे वळायचा आणि खंदकावर गोळ्या झाडत राहायचा. दुसरा मोळी खंदकात टाकून त्यावरून पलीकडे जायचा. आखणी चोख होती. पण त्या एका दिवसात निकामी झालेल्या 179 रणगाड्यांपैकी शत्रूने टिपलेले फक्त 65 होते. 71 यंत्रबिघाडाने थांबले, 43 रुतले किंवा खड्ड्यात अडकले. खिंडार पडलं, पण त्यातून पुढे जायला धडधाकट रणगाडे पुरेसे उरले नाहीत.

आता बेल्जियममधलं फ्लाव्हिओं, 15 मे 1940. फ्रेंचांच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे शार बी-1 बिस हे जड रणगाडे तिथे उभे होते. पुढचं चिलखत 60 मिलिमीटर, पान्झर 3 ची 37 मिलिमीटरची तोफ समोरून त्याला भेदत नसे. पण टाकीत सुमारे 400 लिटर पेट्रोल, म्हणजे रणात जेमतेम पाच-सहा तासांची सोय. टँकर ताफ्याच्या शेपटाला ठेवलेले, आणि रस्ते निर्वासितांनी तुंबलेले. सकाळी इंधन भरणं चालू असतानाच जर्मन सेनापती रोमेलची सातवी पान्झर डिव्हिजन येऊन थडकली. रोमेल तिथे अडकून पडला नाही. काम पाचव्या पान्झर डिव्हिजनवर सोपवून तो पश्चिमेला निघून गेला.

टरेटच्या, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या तोफबुरुजाच्या, आत डोकावलं की उरलेला फरक दिसतो. बी-1 च्या टरेटमध्ये एकटा कमांडर. 47 मिलिमीटरची तोफ भरायची त्यानेच, नेम धरायचा त्यानेच, आणि मैदानावर नजर ठेवायची तीही त्यानेच. रेडिओवरचे निरोप मोर्समध्ये. पान्झर 3 मध्ये ही कामं तिघांत वाटलेली, त्यामुळे कमांडर फक्त पाहायचा आणि रेडिओवर बोलायचा. समोरून गोळे उसळून परत येत होते, तेव्हा जर्मन गनर पट्ट्यांवर आणि बी-1 च्या डाव्या कुशीतल्या रेडिएटरच्या जाळीवर नेम धरू लागले. त्या जाळीसमोर यायचं तर एकाने समोरून गुंतवून ठेवावं लागतं आणि दुसऱ्याने बगलेला जावं लागतं. हे रेडिओवर बोलण्यावाचून जमत नाही. इंधन संपलेल्या कित्येक बी-1 ना तर त्यांच्याच लोकांनी पेटवून दिलं.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. सगळं जर्मन सैन्य चाकांवर नव्हतं, बहुसंख्य पायदळ चालतच होतं आणि त्याच्या तोफा घोडे ओढत होते. पण पान्झर डिव्हिजनमधलं पायदळ, इंजिनिअर आणि तोफखाना मोटारींवर होता, एकाच सेनापतीच्या हाताखाली होता. पेट्रोल 20 लिटरच्या जेरीकॅनमधून येई, त्यामुळे टँकरची वाट न पाहता कुठलाही ट्रक ते रणगाड्यापर्यंत नेऊ शकत असे.