'पाहिलं का?' असं विचारून काम मिळत नाही

मी हिंगणघाटजवळच्या एका गावात राहते, घरूनच लेबल, पाकीट, कॅटलॉग असं डिझाइनचं काम करते. या कामात डिझाइन जमणं सोपं आहे, पण कोटेशन पाठवल्यावर समोरून जे काहीच येत नाही ना, तो आठवडा खूप जड जातो. आणि त्या आठव्या दिवशी आपण जो मेसेज टाकतो तो बहुतेक जण चुकीचा टाकतात. मी पण वर्षानुवर्षं टाकला, म्हणून आज नीट लिहितेय.

फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. एका शेतकरी उत्पादक कंपनीला हळद पावडर आणि तूरडाळीच्या पाकिटांचे लेबल करून हवे होते. माझं बोलणं एका संचालक भाऊंशी झालं होतं, त्यांना कामाचे नमुने आवडले, म्हणाले "ताई, पाठवा कोटेशन, करून टाकू." मी 12 तारखेला गुरुवारी नऊ पानांची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकली, एकूण 24,000 रुपये. दोन निळ्या टिक आल्या, त्यानंतर शांत.

आठवा दिवस झाला तेव्हा माझ्या बोटावर आधी आलं ते हेच, "भाऊ, कोटेशन पाहिलं का? प्लीज रिप्लाय द्या." टाइप पण केलं होतं. मग खोडलं, कारण या प्रश्नाला काय उत्तर येतं ते मला पाठ झालंय. "हो ताई, पाहिलं. सांगतो." बस. माणसानं आपल्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर दिलेलं असतं, त्यामुळं परत विचारायला पण तोंड राहत नाही, आणि आपल्याला मात्र एक अक्षर नवीन कळलेलं नसतं.

याच्याहून वाईट मेसेज मी एकदा पाठवलाय. अमरावतीकडच्या एका संत्रा व्यापाऱ्याला 18,000 चं कोटेशन दिलं होतं, आठवडाभर उत्तर नाही म्हणून मीच घाबरून लिहिलं की "थोडं कमी करता येईल, 14,000 पर्यंत." लगेच होकार आला. काम सुरू झाल्यावर बोलता बोलता कळलं की ते बहिणीच्या लग्नात होते, रेटबद्दल त्यांच्या मनात काहीच नव्हतं. चार हजार मी स्वतःच्या भीतीपायी सोडले. त्यांनी घासाघीस केली असती तर वेगळी गोष्ट, पण त्यांनी तर तोंडच उघडलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या फॉलोअपमध्ये रेटचा आकडा बदलायचा नाही हे मी पक्कं ठरवलंय. समोरच्यानं रेट जास्त आहे असं म्हटल्याशिवाय उत्तर न येण्याचा अर्थ रेट जास्त असा काढायचाच नाही.

मग उत्तर का येत नाही? या भाऊंचा विचार करायला बसले तेव्हा दोन गोष्टी डोळ्यासमोर आल्या. एक तर तो आठवडाच कसा होता पहा. यंदा 15 ला महाशिवरात्र, 19 ला शिवजयंती, आणि हळदीचा हंगाम ऐन भरात. काढणी, शिजवणं, मग वाळवणं, रोज माणसं गोळा करा, पाऊस आला तर ताडपत्री घेऊन धावा. कॅलेंडरवर 7 दिवस झाले होते पण त्या माणसाच्या हातात कोटेशन वाचायला निवांत बसायचे दिवस दोन पण नसतील. म्हणून 19 ला मेसेज टाकायचा नाही हे ठरलं, 20 ला शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला टाकला, शेतातून घरी येऊन हातपाय धुऊन फोन हातात घेतात ती वेळ.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या भाऊंना मी कोटेशन दिलं त्यांच्या एकट्याच्या हातात निर्णय नव्हताच. शेतकरी उत्पादक कंपनी म्हटली की कायद्यानं तिला निदान 5 संचालक लागतात आणि मंडळाची मिटिंग तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. खर्चाचा असा विषय साधारण मिटिंगमध्येच मंजूर होतो. म्हणजे भाऊ हो म्हणू शकत नव्हते, आणि नाही म्हणायचं त्यांना कारण नव्हतं, तर ते गप्प राहणारच. तुम्ही अशा माणसाला "काय ठरलं?" विचारलं तर तुम्ही त्याला अडचणीत टाकता, कारण ठरवणारा तो नाहीच. बचतगटाचं, पतसंस्थेचं, शाळेच्या संस्थेचं पण हेच असतं. होकार-नकार विचारण्यापेक्षा निर्णय कधी आणि कुठं होतो ते विचारलं, तर उत्तर द्यायला त्याला काही अवघड जात नाही.

मी पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते:

"नमस्कार भाऊ. मागच्या गुरुवारी हळद अन् तूरडाळीच्या लेबलचं कोटेशन पाठवलं होतं, 24,000 रुपये. हे संचालक मंडळाच्या मिटिंगमध्ये ठेवावं लागेल का? लागत असेल तर मिटिंग कोणत्या तारखेला आहे तेवढं सांगा. मिटिंगमध्ये दाखवायला सगळं एका पानात करून खाली फोटो टाकलाय, पीडीएफ उघडायची गरज नाही. नवी हळद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पॅक करायची असं तुम्ही म्हणाले होते, त्या हिशेबानं 5 मार्चपर्यंत ठरलं तर स्टिकर वेळेवर हातात येतात. सध्या हा विषय मागं पडला असेल तर तसं पण सांगा, मी मार्चचे दिवस दुसऱ्या कामाला देते."

यातली 5 मार्च ही तारीख मी हवेतून काढली नव्हती. डिझाइनला 10 दिवस, सगळ्यांनी मजकूर तपासून द्यायला 4, छापायला 7, नागपूरहून माल यायला 2-3 दिवस. 5 मार्चला सुरू केलं की 29 च्या आसपास स्टिकर दारात. "ऑफर फक्त तीन दिवस" अशा खोट्या तारखा टाकणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, आणि गावाकडं तर ते लगेच ओळखू येतं. पण समोरच्याच्याच हंगामातून मागं मोजत आलेली तारीख असेल तर ती त्याच्या कामाची असते, त्याला पण ती मिटिंगमध्ये सांगता येते.

ते एक पान करायला मला दीड तास लागला आणि पूर्ण फॉलोअपमधलं खरं काम तेच होतं. नऊ पानांची पीडीएफ मोबाईलवर कोण वाचणार, निळी टिक म्हणजे फक्त चॅट उघडलं गेलं, फाईल उघडली असं नाही. पानावर तीन ओळी वेगळ्या केल्या: तीन लेबल प्रत्येकी 5,000 प्रमाणे 15,000, मालाचे फोटो 6,000, कॅटलॉग 3,000. खाली अॅडव्हान्स 40 टक्के, आणि त्यांच्याकडून काय लागेल ते, एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर, वजन, पत्ता वगैरे. मिटिंगमध्ये मी नसणार, माझ्या वतीनं भाऊंनाच बोलायचं आहे. त्यांच्या हातात वाचून दाखवता येईल असा कागद पाहिजे, नाहीतर ते म्हणणार "त्या ताईनं काहीतरी पाठवलं होतं बा, चोवीस हजाराचं", आणि बाकीचे चार जण तिथंच तो विषय बाजूला ठेवणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनच आला. "ताई, मिटिंग 27 ले हाय. तुमचं पान पाहिलं, हे बरं केलं. पण लोकं इचारतीन का जीएसटीचं बिल भेटते का, तर काय सांगू?" बघा, हा प्रश्न आठ दिवस त्यांच्या मनात असेल आणि "पाहिलं का" ला उत्तर देताना तो कधीच बाहेर आला नसता. मी सांगितलं की माझी उलाढाल 20 लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणी नाही, साधं बिल मिळेल पॅन नंबरसह, त्यात जीएसटी लागणार नाही. ते पण त्याच पानावर एका ओळीत टाकून परत पाठवलं.

27 ला रात्री मेसेज आला, फक्त तीन लेबल मंजूर, फोटो अन् कॅटलॉग सध्या नाही. 15,000 चं काम, 6,000 अॅडव्हान्स 2 मार्चला आला. मला वाईट वाटलं का, हो थोडं वाटलं, पण ओळी वेगळ्या नसत्या तर 24,000 ला सरळ नाही आलं असतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

यात एक मोह मात्र टाळायचा. त्या कंपनीचे सीईओ आणि अध्यक्ष दोघांचे नंबर माझ्याकडं होते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी असंच, उत्तर नाही म्हणून सरळ अध्यक्षांना मेसेज केला होता. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांना ते फार लागलं, "मले सोडून वरतं गेली" असं म्हणाले, आणि मिटिंगमध्ये तेच विरोधात बोलले. काम तर गेलंच, पण एका चांगल्या माणसाला मी चारचौघांत कमीपणा आणला याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या कोणाशी बोलायचंच असेल तर त्यांनाच विचारा, "सीईओ साहेबांना पण पाठवू का?" म्हणून.

पुण्या-मुंबईचे क्लायंट असले की मेलवर हेच करते, फक्त नवीन मेल न करता जुन्या पाठवलेल्या मेललाच रिप्लाय करायचा, म्हणजे कोटेशन खालीच दिसतं आणि "कोणतं कोटेशन?" हा एक मेल वाचतो. त्याआधी व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर एकदा विचारून घेते की मेल पोचला का, कारण स्पॅममध्ये पडलेल्या मेलवर कितीही छान फॉलोअप केला तरी तो पण तिथंच जाऊन पडतो.

आणि याच्यावर पण उत्तर नाही आलं तर? दहा दिवसांनी एक फोन, मेसेज नाही. आपल्याकडं मेसेज टाळतात पण फोनवर माणूस खरं बोलतो. त्यानंतर एक शेवटचा मेसेज, की मी ही फाईल बंद करतेय, पुढं कधी लागलं तर सांगा, रेट तेव्हाचा राहील. चौथा मी करत नाही.

या कंपनीच्या फोटो अन् कॅटलॉगचं म्हणाल तर पुढची मिटिंग मे महिन्यात आहे, पेरणीच्या आधी. तारीख भाऊंकडून आत्ताच घेऊन ठेवलीय, आणि तोवर नवीन लेबल लावलेली पाकिटं त्यांच्या टेबलावर असतील.