पाठ केलेलं उत्तर आणि फिरवलेला प्रश्न

«पालकांनो, मुलांना प्रश्न फिरवून विचारू नका. १) परीक्षेत स्वाध्यायातलेच प्रश्न येतात, त्यांची उत्तरं पाठ असली की पुरे. २) प्रश्न बदलला की मूल चुकतं, गोंधळतं आणि येत असलेलंही विसरतं. ३) सराव हवाच असेल तर त्याच उत्तरांच्या रिकाम्या जागा आणि जोड्या करा. ४) नवे प्रश्न काढायला पालकांकडे वेळही नसतो आणि तेवढं ज्ञानही.»

हा संदेश माझ्या बहिणीने मला पाठवला आणि त्याच दिवशी सातवीतल्या भाच्याचा सराव थांबवला. म्हणून हे लिहितो आहे. सगळ्यात जास्त नुकसान दुसऱ्या मुद्द्याने होतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

मूल चुकतं, हे खरंच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एक आकृती शिकून लगेच तिचीच उदाहरणं सोडवली, मग पुढची आकृती. दुसऱ्या गटाला चारही आकृतींची उदाहरणं सरमिसळ करून दिली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६० टक्के. इथे थांबलो तर संदेश लिहिणारा बरोबर ठरतो. पण आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवावं लागतं. हा प्रयोग गणिताचा होता आणि त्यात प्रकारांची सरमिसळ होती, एकाच प्रश्नाचं रूप बदललेलं नव्हतं, हे मान्य. तरी सरावात झालेल्या चुका म्हणजे शिकणं बिघडल्याची खूण नव्हे, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

आता तिसरा मुद्दा. तो वरवर समंजस वाटतो, म्हणून त्याची नीट तपासणी करू. स्वाध्यायात हमखास येणारा एक प्रश्न घ्या: «कारणे द्या: वारा असताना ओले कपडे लवकर वाळतात.» मुलं उत्तर पाठ करतात: «वाऱ्यामुळे कपड्याजवळची दमट हवा दूर जाते, म्हणून बाष्पीभवनाचा वेग वाढतो.» याची रिकामी जागा केली तर होतं, «वाऱ्यामुळे बाष्पीभवनाचा वेग ____.» ज्याला वाक्य तोंडपाठ आहे तो बाष्पीभवन म्हणजे काय हे माहीत नसतानाही «वाढतो» लिहील. प्रश्नाचा प्रकार बदलला, पण डोक्याला करावं लागणारं काम तेच राहिलं. ओळखायची खूण सोपी आहे. पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं टाकून उत्तर पूर्ण होत असेल, तर तो प्रश्न नवा नाही.

नवा प्रश्न काढायचा तर उत्तरातलं कारण हातात धरायचं आणि परिस्थितीतली एकच गोष्ट बदलायची. इथे कारण आहे «दमट हवा दूर जाते». मग ती दूर जाऊच शकली नाही तर? «घट्ट बंद केलेल्या छोट्या पेटीत ओला कपडा टांगला आहे आणि आत पंखा फिरतो आहे. कपडा उघड्यावरच्या वाऱ्यात वाळतो तसाच वाळेल का?» ज्याने «वारा म्हणजे लवकर» एवढंच पकडलं आहे, तो हो म्हणेल. ज्याला कारण कळलं आहे तो म्हणेल, नाही, तीच हवा आत फिरत राहील, तिच्यातली वाफ वाढत जाईल आणि वाळणं मंदावेल. दुसरा बदल: «पावसाळ्यात वारा असूनही कपडे उशिरा का वाळतात?» इथे वारा दमट हवा हलवतो, पण तिच्या जागी येणारी हवाही दमटच असते.

मला सगळ्यात उपयोगी वाटणारा प्रश्न मात्र चुकीच्या समजुतीवर बेतलेला असतो. पंख्याचा वारा गार लागतो, म्हणून पंखा हवा थंड करतो, असं पुष्कळ मुलांना वाटतं. मग विचारायचं: «खोलीतल्या कोरड्या तापमापीवर पंख्याचा वारा सोडला तर पारा उतरेल का? आणि तिच्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं तर?» कोरड्या तापमापीचा पारा उतरत नाही. ओल्या फडक्यातून बाष्पीभवन होतं, त्यासाठी लागणारी उष्णता फडक्यातून आणि फुग्यातून घेतली जाते, म्हणून तिथे उतरतो. धड्यातलंच ज्ञान आहे, पण हे उत्तर कोणत्याही गाईडमधून उतरवता येत नाही. घरी खोलीचं तापमान दाखवणारी तापमापी असेल, ताप मोजायची नव्हे, तर मुलाला आधी अंदाज लिहायला लावा, मग करून बघू द्या.

बहुपर्यायी प्रश्न करायचा असेल तर चुकीचे पर्यायही अशाच समजुतींतून घ्यावेत. «वारा कापडातलं पाणी ढकलून बाहेर काढतो», «वाऱ्याने कपड्याचं तापमान वाढतं» असे. हास्यास्पद पर्याय ठेवले तर मूल विचार न करता ते खोडून टाकतं. पण अशा प्रश्नाचं उत्तर त्याच बैठकीत समजावून सांगा, नाहीतर चुकीचा पर्यायच लक्षात राहण्याचा धोका असतो.

गोंधळ होतो तो बहुतेकदा प्रश्न काढणाऱ्यामुळे. एका प्रश्नात वारा, ऊन आणि कापडाची घडी तिन्ही बदलली तर मूल कशामुळे चुकलं हे कुणालाच कळत नाही. धड्यात नसलेली माहिती लागेल असा प्रश्न किंवा लांबलचक वाक्यरचना, यांनीही विज्ञान तपासलं जात नाही. आणि मूळ संकल्पना एकदाही नीट न वाचलेल्या मुलाला फिरवलेला प्रश्न टाकू नये. तिथे या संदेशाला थोडं मानावं लागेल.

पहिल्या मुद्द्यातही अर्धं सत्य आहे. स्वाध्यायातले प्रश्न परीक्षेत पुष्कळदा येतात, आणि व्याख्या, सूत्रं, संज्ञा पाठच हव्यात. बाष्पीभवनाची व्याख्या फिरवून विचारण्यात काही हशील नाही. पण «कारणे द्या» आणि «फरक स्पष्ट करा» हे प्रश्न त्या गटात बसत नाहीत.

चौथा मुद्दा वेळेचा. अख्खा स्वाध्याय फिरवायला कोणी सांगितलं? धड्यातले दोन-तीन कारणांचे प्रश्न निवडा. प्रत्येकाच्या उत्तरात «म्हणून»च्या आधी जे येतं त्याखाली रेघ ओढा आणि ते खोटं ठरेल अशी एक परिस्थिती लिहा. विचारण्याआधी उत्तर स्वतः लिहून काढा. तुम्हालाच लिहिता आलं नाही तर तो प्रश्न सोडून द्या किंवा शिक्षकांना विचारा. धडा संपल्या दिवशी न विचारता काही दिवसांनी, दुसऱ्या धड्याच्या प्रश्नांत मिसळून विचारा. भाच्यासाठी पेटीतल्या पंख्याचा प्रश्न मी बहिणीला पाठवला आहे, उत्तरासकट.