गेल्या वर्षी आजच्या तारखेला

नाशिकला भांड्यांच्या एका घाऊक पेढीत मी हिशेब बघतो. 'बघतो' म्हणजे पूर्वी नुसता बघायचो. मग एकदा मी पॉवर बीआय या आकड्यांचे तक्ते काढणाऱ्या संगणक-प्रणालीत एक रंगीत तक्ता करून शेठना दाखवला आणि तिथून माझे दिवस फिरले. तेव्हापासून सकाळी चहाबरोबर शेठचा एकच प्रश्न असतो : "गेल्या वर्षी आजच्या तारखेला आपण कुठे होतो?" आमचे वृद्ध दिवाणजी याचं उत्तर खातेवही चाळून दहा मिनिटांत देत. मला त्यासाठी पॉवर बीआयमधली सूत्रं लिहायची डॅक्स नावाची भाषा शिकावी लागली.

पहिला झटका जानेवारीतच बसला. वर्षाच्या सुरुवातीपासून आजवरची एकूण विक्री दाखवायला मी `TOTALYTD` वापरलं होतं. डिसेंबरपर्यंत आकडा हिमालयासारखा चढत गेला आणि १ जानेवारीला धाडकन खाली आला. शेठनी मला गाळ्यात बोलावून दार लावून घेतलं. झालं एवढंच होतं, की वर्ष कधी संपतं हे मी सांगितलं नव्हतं. न सांगितलं तर डॅक्स ३१ डिसेंबर धरून चालतं. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, हे त्याच्या कानात असं घालायचं असतं :

```
Sales YTD =
TOTALYTD ( [Sales], 'Date'[Date], "3-31" )
```

चार अक्षरांची चूक, आणि माझ्या पगारवाढीचा विषय दोन महिने पुढे गेला.

खरं महाभारत २०२४च्या दिवाळीनंतर घडलं. ५ नोव्हेंबर, मंगळवार. दुकानात अजून रांगोळीचा रंग फरशीला चिकटलेला. शेठ म्हणाले, "दिवाळी झाली. आता सांग, गेल्या वर्षीपेक्षा किती?" मी तयारच होतो. गेल्या वर्षीचा आकडा काढायचं सूत्र रात्रीच लिहून ठेवलं होतं :

```
Sales YTD PY =
CALCULATE (
    [Sales YTD],
    SAMEPERIODLASTYEAR ( 'Date'[Date] )
)
```

तक्त्यावर २०२४-२५ची ओळ उघडली. यंदा ८ कोटी ४० लाख. गेल्या वर्षी १२ कोटी. खाली लाल रंगात उणे ३० टक्के. लाल रंग मीच दिला होता, हौसेने.

शेठ काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, परत घातला आणि आकडा तसाच आहे की नाही ते पाहिलं. मग घरी फोन लावून म्हणाले, "ती नवीन गाडी बघायला जायची नाही."

दिवाणजी मात्र गालात हसत होते. "अरे, बारा कोटी तर गेल्या मार्चअखेरचे आहेत. तू शेठना सात महिन्यांची विक्री बारा महिन्यांशी तोलून दाखवतोयस."

अगदी बरोबर. तारखांचा तक्ता मी पुढच्या ३१ मार्चपर्यंत भरून ठेवला होता, तो तसाच भरावा लागतो. त्यामुळे २०२४-२५ची ओळ निवडली, की डॅक्सच्या लेखी निवड १ एप्रिल ते ३१ मार्च अशी सगळी असते. त्यातले पाच महिने अजून उजाडायचेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यंदाच्या रिकाम्या महिन्यांत विक्री नसते म्हणून यंदाचा आकडा आपोआप आजपर्यंतचा दिसतो. गेल्या वर्षीचे तेच महिने मात्र भरलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे : चालू वर्षाच्या ओळीतला 'गेल्या वर्षीचा' आकडा गेल्या वर्षाच्या मार्चअखेरच्या आकड्याशी जुळला, की समजायचं आपण फसलो.

मी तारखांच्या तक्त्यात `HasSales` नावाचा स्तंभ घातला : शेवटच्या बिलाच्या तारखेपर्यंत खरं, पुढे खोटं. मग ती अट `CALCULATE`मध्येच तिसऱ्या जागी टाकली. उत्तर? उणे ३०. जसंच्या तसं. दुपारचा डबा तसाच राहिला तेव्हा कुठे उलगडलं, की तिथे ती अट आधीच मागे सरकलेल्या तारखांवर लागते आणि गेल्या वर्षीच्या तर सगळ्याच तारखा 'खऱ्या' आहेत. आधी चाळायचं, मग मागे सरकवायचं :

```
Sales YTD PY =
CALCULATE (
    [Sales YTD],
    CALCULATETABLE (
        SAMEPERIODLASTYEAR ( 'Date'[Date] ),
        'Date'[HasSales] = TRUE
    )
)
```

(मधे एकदा अतिशहाणपणा करून ज्या दिवशी बिल फाटलं तेवढेच दिवस 'खरे' केले. दुकान सोमवारी बंद असतं. तारखांच्या साखळीत भोकं पडली आणि पडद्यावर सलग तारखाच हव्यात अशी इंग्रजी दटावणी आली. ते पाऊण तास मी कोणाला सांगितलेले नाहीत.)

आता गेल्या वर्षीचा ५ नोव्हेंबरपर्यंतचा आकडा आला : ६ कोटी ८० लाख. म्हणजे वाढ साडेतेवीस टक्के! लाल जाऊन हिरवं झालं. शेठनी माझ्यासाठी कटिंगऐवजी फुल चहा मागवला. घरी पुन्हा फोन. गाडी परत आली, आणि तीसुद्धा वरच्या मॉडेलची.

मी कृतकृत्य होऊन चहाचा घोट घेतोय तोच दिवाणजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत म्हणाले, "गेल्या वर्षी पाच नोव्हेंबरला दिवाळी झाली कुठे होती?"

चहा घशातच राहिला. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, धनत्रयोदशी १० तारखेला. २०२४ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. भांड्यांच्या धंद्यात धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात जे विकलं जातं त्यावर पुढचे दोन महिने निघतात. `SAMEPERIODLASTYEAR` तारखेला तारीख लावतं, तिथीला तिथी नाही. मी यंदाची अख्खी दिवाळी गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या सामसुमीशी तोलली होती.

"अकरा दिवस मागे धरून टाक कायमचं," शेठ म्हणाले.

"जमणार नाही," दिवाणजी. "२२ सालची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. २३ला अधिक श्रावण आला आणि ती १९ दिवस पुढे गेली."

शेवटी एक छोटा तक्ता हातानेच भरला : आर्थिक वर्ष आणि त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची तारीख. दिवाणजींनी पंचांगातून वाचली, मी टंकली. यंदाची शेवटची बिलं लक्ष्मीपूजनानंतर चार दिवसांची, म्हणून गेल्या वर्षीही चार दिवसांनंतर, १६ नोव्हेंबरला थांबायचं. आकडा आला ८ कोटी २० लाख. वाढ अडीच टक्क्यांहून थोडी कमीच. त्यातही गेल्या वर्षीच्या बाजूला दिवस २३० आणि यंदाच्या बाजूला २१९, हे मी प्रामाणिकपणे तळटीपेत लिहिलं. तळटीप शेठ वाचत नाहीत, पण लिहिली.

एका दिवसात एकाच धंद्याची तीन उत्तरं : उणे तीस, अधिक साडेतेवीस आणि हे अडीच. शेठनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, बराच वेळ पाहिले आणि शांतपणे विचारलं,

"आणि गेल्या वर्षी या काळात लग्नाचे मुहूर्त किती होते?"

दिवाणजींनी आधीच पंचांग उघडलं होतं.