उन्हाळ्याची शिफ्ट आणि रोस्टरमधला एक रकाना

«राजेहो, कंपनीत दिव्यांगांसाठी धोरण आलं म्हणून हुरळून जाऊ नका. 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट नसेल तर अर्ज कचऱ्यात. खासगी कंपनीला तो कायदा लागूच नाही. एचआरला आजार सांगितला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या फ्लोअरला माहीत. सवलत घेतली तर खर्च आपल्याच खिशातून, आणि प्रमोशन विसरा. गप राहा, नोकरी सांभाळा. पुढे पाठवा.»

नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसांत मी बरीच वर्षं एचआरचं काम केलं. असं धोरण लिहायला बसले, आणि ते पाळताना झालेल्या चुकाही पाहिल्या. त्यातली एक चूक या मेसेजमधल्या चौथ्या वाक्यासारखीच होती. ती मी लपवणार नाही. बाकीचं मात्र एकेक करून बघू या. त्यासाठी एक उदाहरण घेते. तपशील इतके बदलले आहेत की ती व्यक्ती स्वतःलाही ओळखणार नाही.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी झिजतं आणि संदेश नीट पुढे जात नाही. अंगातली उष्णता थोडी जरी वाढली, अर्धा अंश म्हणा, तरी आधीच कमजोर झालेले तंतू आणखी अडखळतात. डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय जड पडतात, थकवा येतो. अंग थंड झालं की तासाभरात बरंचसं पूर्ववत होतं. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. आता हे नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत ठेवून बघा. खापरी मेट्रो स्टेशनवर उतरून ऑफिसच्या गेटपर्यंत यायचं, आणि मग पश्चिमेच्या काचेजवळच्या खुर्चीवर सात वाजेपर्यंत बसायचं.

तिच्याकडे 40 टक्क्यांचंच काय, कुठल्याच टक्क्यांचं प्रमाणपत्र नव्हतं. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणासाठी 40 टक्क्यांची अट आहे, आणि इतरही काही योजनांसाठी ती लागते. म्हणून लोकांच्या डोक्यात तोच आकडा बसला आहे. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. वाजवी सोय, म्हणजे कामातला अडथळा काढण्यासाठी केलेला आवश्यक बदल, पहिल्या व्याख्येतल्या माणसालाही मिळायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हेच सांगितलं. लिहिताना त्याचा हात आखडायचा आणि 40 टक्क्यांची अट दाखवून त्याला लेखनिक नाकारला होता. एमएस तर कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत नावानिशी आहे.

मग अर्जासोबत काय लागतं? उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं एक पत्र. त्यात काय असावं यावर अर्ध्या गोष्टी ठरतात, म्हणून इथे जरा थांबते. तिने पहिल्यांदा जे आणलं, ते एमआरआयच्या रिपोर्टचं जाडजूड पाकीट होतं. ते मी न उघडता परत केलं. मेंदूच्या कोणत्या भागात किती डाग आहेत हे वाचून मला खुर्ची कुठे हलवायची ते कळणार नव्हतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी चार ओळी लिहून दिल्या: दीर्घकालीन मज्जासंस्थेचा विकार आहे, उष्णतेने दृष्टी आणि चालणं तात्पुरतं बिघडतं, एप्रिल ते जून दुपारच्या उन्हातला प्रवास टाळावा, बसण्याची जागा थंड असावी, मधे थोडी विश्रांती मिळावी, कामाची बौद्धिक क्षमता कमी झालेली नाही. एवढं पुरतं. आजाराचं नाव नसलं तरी चालतं. अडचण कोणती, ती कोणत्या कामात येते आणि काय बदललं की ती सुटेल, हे तीन प्रश्न सुटले पाहिजेत. अर्ज साध्या ईमेलवर चालतो. कुणी तोंडी बोललं तर ते लिहून घेणं एचआरचं काम आहे. ‘फॉर्म भरला नाही’ म्हणून दिवस घालवायचे नसतात.

खासगी कंपन्यांबद्दलचं वाक्य चुकीचं असलं तरी अगदीच हवेतून आलेलं नाही. याच कायद्याचं 20 वं कलम, ज्यात नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही असं म्हटलं आहे, ते सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगी नोकरदाराला तेवढं भक्कम कवच नाही, हे मान्य. पण लगेच पुढचं 21 वं कलम ‘प्रत्येक आस्थापना’ म्हणतं. समान संधी धोरण खासगी कंपनीलाही जाहीर करावं लागतं. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात सोयी, सहायक साधनं, अडथळामुक्त जागा हे सगळं लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. शिवाय वाजवी सोय नाकारणं हे कायद्याच्या व्याख्येतच भेदभावात मोडतं. अशा भेदभावाची तक्रार आली तर 20 किंवा जास्त माणसांच्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखालाही एकतर कारवाई करावी लागते किंवा आपली कृती योग्य कशी, ते लेखी कळवावं लागतं. पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त बसतात, त्यांच्याकडेही तक्रार जाते. म्हणून नकार मिळाला तर तो लेखी मागा. तोंडी ‘बघू’ला अपील करता येत नाही.

अर्थात मागितलेलं सगळंच मिळेल असं नाही. कायद्यात ‘अवाजवी बोजा’ हा शब्द आहे. ऑफिसचा चौथा मजलाच थंड करा, ही मागणी टिकणार नाही. एक खुर्ची एसीच्या झोताखाली हलवा, ही टिकते.

आता ते चौथं वाक्य. गुप्तता मोडते, आणि ती बहुतेक वेळा दुष्टपणाने मोडत नाही. एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी पाहिलं. अर्ज मंजूर झाला, ईमेल एचआरकडून मॅनेजरकडे गेला, मॅनेजरने ‘कृपया खुर्ची हलवा’ म्हणून तोच ईमेल ॲडमिनला फॉरवर्ड केला, आणि खाली डॉक्टरांचं पत्र जोडलेलंच राहिलं. ॲडमिनच्या त्या पत्त्यावर सात माणसं होती. दुसरी गळती रोस्टरच्या एक्सेलमधून झाली. ‘शेरा’ नावाच्या रकान्यात कुणीतरी सरळपणे ‘मेडिकल’ लिहिलं, आणि ती फाइल पूर्ण टीमला उघडत होती. चहाच्या टपरीवर कुजबुज व्हायला तेवढं पुरलं.

त्यामुळे धोरणात ‘माहिती गोपनीय राहील’ एवढंच वाक्य असेल तर त्यावर विसंबू नका. कुणाला काय कळेल हे त्यात लिहिलेलं आहे का, ते बघा. आम्ही नंतर ते असं लावलं. डॉक्टरांचं पत्र फक्त संपर्क अधिकाऱ्याकडे, सेवापुस्तिकेच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये. मॅनेजरला नवं कोरं पत्र, ज्यात कारण नाही, फक्त व्यवस्था: अमुक तारखेपासून अमुक वेळ, अमुक जागा. ॲडमिनला एक ओळ: ‘42 नंबरची खुर्ची 17 च्या जागी.’ रोस्टरमधला शेऱ्याचा रकानाच काढून टाकला. आणि टीममधून कुणी विचारलंच तर मॅनेजरने काय म्हणायचं तेही ठरवून दिलं: ‘ही वेळ मी मंजूर केली आहे. कुणाच्याही शिफ्टचं कारण मी दुसऱ्याशी बोलत नाही, तुझ्याही नाही.’

दोन अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवेत. कोणते दिव्यांग कर्मचारी आहेत, त्यांना कोणती सोय दिली, याची नोंद ठेवणं कंपनीला कायद्यानेच बंधनकारक आहे. ती नोंद तपासायला अधिकारी आले तर दाखवावी लागते. ती नोंद म्हणजे फ्लोअरवरची चर्चा नव्हे, पण ‘कुठेच नोंद होणार नाही’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. दुसरा अपवाद तातडीचा. तिने स्वतःहून शेजारच्या एका सहकारिणीला सांगून ठेवलं होतं की मला धूसर दिसायला लागलं तर पाणी दे आणि थंड खोलीत ने. ते तिने ठरवलं, आम्ही नाही.

खर्चाचं उत्तर छोटं आहे. वाजवी सोयीचा खर्च पूर्ण किंवा अंशतःही कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही, असं 2017 च्या नियमांत स्पष्ट आहे. वाद कडेला होतो. आमच्याकडे तो खापरी स्टेशन ते गेट या रिक्षाभाड्यावर झाला. घरून येणं ही ज्याची त्याची जबाबदारी, असं अकाउंट्सचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नव्हतं. शेवटी रात्रपाळीसाठी जी व्हॅन होती, तीच दिवसा दोन फेऱ्यांना लावली.

आणि हो, पहिली व्यवस्था फसली. तिने आठ ते पाच मागितली होती, आम्ही तीन दिवसांत दिली आणि खूश झालो. सकाळ छान गेली. पण पाचला सुटणं म्हणजे मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर उतरणं. जुन्या शिफ्टमध्ये ती निदान सातला, ऊन उतरल्यावर निघायची. मंजुरीच्या पत्रात 15 दिवसांनी फेरविचाराची तारीख होती म्हणून हे वेळेत कळलं. नाहीतर ‘एवढं दिलं, आता आणखी काय’ या संकोचात तिने जून काढला असता. मग मंगळवार ते गुरुवार घरून काम, सोमवार-शुक्रवार ऑफिस आणि येता-जाता व्हॅन, असं ठरलं.

प्रमोशनची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्या वर्षीच्या मूल्यांकनात ‘जागेवर उपलब्धता’ या रकान्यात तिला 5 पैकी 2 मिळाले होते. इनव्हॉइस तपासण्याचं तिचं काम पूर्ण आणि चुका टीममध्ये सर्वात कमी. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फॉर्म तसा होता. मंजूर केलेली वेळच गैरहजेरी म्हणून मोजली जात होती. संपर्क अधिकाऱ्याने लेखी हरकत घेतली, तो रकाना तिच्यापुरता वगळून सरासरी पुन्हा काढली. मूल्यांकनाची प्रत हातात आल्यावर असा रकाना आहे का, ते सही करण्याआधी बघायचं.

1 जुलैला ती पुन्हा दहा ते सातवर आली. ऑक्टोबरमध्ये उकाडा परतला तेव्हा तिने संपर्क अधिकाऱ्याला एका ओळीचा ईमेल केला: ‘मे मधली व्यवस्था तीन आठवडे हवी.’ त्याच दिवशी मिळाली. डॉक्टरांचं पत्र कुणी पुन्हा मागितलं नाही.