कार्ड छोटं का आहे, आणि त्या वॉल्व्हला बूच का नको

ग्राहकाचा रिव्ह्यू, २ स्टार: "गीझरसोबत मॅन्युअल म्हणून फक्त एक कार्ड. आधीच्या गीझरबरोबर चांगलं जाड पुस्तक होतं. वॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय आणि कार्डावर म्हणे 'ठिबकू द्या', बस. प्लंबर म्हणतोय बूच मारून देतो. पैसे वाचवायला कागद पण कमी केला का?"

नमस्कार. आधी कामाचं सांगतो: बूच अजिबात मारू देऊ नका, मारलं असेल तर गीझर बंद करून ते आधी काढायला लावा.

पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरची टाकी २० अंशांवरून ६५ पर्यंत तापली की साधारण पाव लिटर पाणी जास्तीचं होतं, आणि वॉल्व्ह ते मागे थंड लाइनमध्ये जाऊ देत नाही, त्यामुळे सगळे नळ बंद असतील तर त्याला बाहेर पडायला वॉल्व्हचं ते ठिबकणारं तोंड हा एकच रस्ता उरतो. तो बंद केला आणि एखाद दिवशी थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटू शकते. तापताना ठिबकलं आणि तापून झाल्यावर थांबलं तर सगळं ठीक आहे. स्विच बंद करून गीझर गार झाल्यावरही ठिबकतच असेल तर मात्र वॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाइनचं प्रेशर जास्त आहे, तेव्हा बोलवा आम्हाला.

आता कार्डाबद्दल. कागद वाचवायचा असता तर पुस्तकच बारीक अक्षरात छापलं असतं, ते सोपं होतं 😀 आम्ही जुन्या पुस्तकातली एकेक ओळ घेऊन एवढंच बघितलं की ही कुणी वाचलीच नाही तर काय होईल? माणसाला इजा होईल किंवा पहिल्याच दिवशी गीझर जळेल, अशी ओळ कार्डावर. नुसती गैरसोय होईल अशी ओळ क्यूआर कोडमागच्या पूर्ण पुस्तकात, ते पुस्तक काही गेलेलं नाही, तिथेच आहे. आणि भिंतीत बोल्ट कसे मारायचे, पाइप कुठला कुठे, हे ज्याला करायचंय त्या फिटरसाठी वेगळा कागद खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय, कारण तुम्हाला त्याचा उपयोग नाही आणि तो तुमचं कार्ड वाचत नाही.

एक उदाहरण देतो. जुन्या पुस्तकात होतं, "विद्युतपुरवठा सुरू करण्यापूर्वी टाकी पूर्णपणे भरली असल्याची खात्री करावी." वाक्य बरोबर आहे, पण खात्री करायची कशी? टाकी तर आतून दिसत नाही. आणि रिकाम्या टाकीवर स्विच दाबला तर एलिमेंट कोरडं तापून जळतं. म्हणून कार्डाच्या कच्च्या प्रतीत "नळ उघडा, पाणी आलं की स्विच ऑन" लिहिलं आणि ज्यांनी गीझर कधी लावला नाही अशा लोकांच्या हातात देऊन गप्प उभे राहिलो. एकाने थंड पाण्याचा नळ उघडला, दुसऱ्याने चूळभर पाणी फसफसत आलं तेवढ्यावरच स्विचकडे हात नेला. आता तिथे असं आहे: "गरम पाण्याचा नळ उघडा. हवेचा आवाज थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. मगच स्विच ऑन." ओळी वाढल्या की कमी झाल्या ते बघा तुम्हीच! कमी करायचं म्हणजे शब्द कापायचे असं आम्ही धरलंच नाही.

इशारेही याच चाळणीतून गेले. जुन्या यादीत "ओल्या कापडाने पुसू नये" आणि "अर्थिंगशिवाय वापरू नये" एकाखाली एक, एकाच आकारात होते, आणि अशी लांब यादी दिसली की माणूस सगळीच सोडून पुढे जातो. म्हणून चारच ठेवले आणि ज्या पायरीला धोका त्याच पायरीपाशी, ती करायच्या आधी वाचला जाईल असा इशारा छापला. अर्थिंगचा तर प्लगवरच टॅग आहे, तो काढल्याशिवाय प्लग लागत नाही. भाजण्याचा इशारा तापमानाच्या नॉबच्या चित्राखाली आहे, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलांची तर त्याहून लवकर, म्हणून आधी थंड नळ, मग गरम.

राहिलं "ठिबकू द्या". ती ओळ तोडून छोटी केली नाही, तिच्याखाली बारीक टाइपात "बूच मारल्यास टाकी फुटू शकते" आहे, वॉल्व्हच्या चित्राच्या डाव्या बाजूला. नजरेतून सुटलं असेल. नवीन छपाईत ती ओळ वरच्याच टाइपात घेतोय आणि वॉल्व्हला अडकवायचा टॅगही करतोय, कारण बूच मारायला येणारा प्लंबर कार्ड बघणार नाही, वॉल्व्ह बघणार.

गीझर बंद ठेवून रात्रभर वॉल्व्हखाली एक भांडं ठेवा. सकाळी भांडं कोरडं असेल तर काही करायचं नाही. पाणी साठलेलं असेल तर किती साठलं ते इथेच लिहा, माणूस पाठवतो.