पीओ सहीला गेलाय

"शेठ, तुम्ही काम चालू करा हो. पीओ सहीला गेलाय."

भोसरीत फॅब्रिकेशनचं शॉप चालवायचं म्हणजे हे वाक्य ऐकायची सवय हवी. पीओ म्हणजे गिऱ्हाईक कंपनीची लेखी परचेस ऑर्डर. सहीला गेलेला पीओ कुठे असतो, ते आजवर कुणालाही कळलेलं नाही. कधी सही करणारे साहेब टूरवर असतात, कधी सिस्टिम डाऊन असते, कधी 'फक्त बजेट कोड टाकायचा राहिलाय'. आणि हे सांगणारा माणूस नेहमी प्रॉडक्शनचा असतो. त्याची लाइन थांबलेली असते, त्यामुळे घाई खरी असते. फक्त पीओ काढायचा अधिकार त्याला नसतो. ज्यांना असतो ते परचेसवाले आपला फोन उचलत नाहीत.

परवा असाच 40 ट्रॉल्यांचा निरोप आला. माझ्या कोटेशनमध्ये नगाला 6,800 रुपये, म्हणजे 2 लाख 72 हजार, वर जीएसटी. चाकं चार इंची. फोनवर दर मान्य झाला आणि पाठोपाठ साहेब म्हणाले, "चाकं सहा इंची टाका, शॉपफ्लोअर खडबडीत आहे." आता एका ट्रॉलीला चार म्हणजे 160 चाकं, आणि मोठ्या चाकाला दीडशे रुपये जास्त. हे 24 हजार कुणाचे? फोनवर याचं उत्तर असतं, "बघू ना आपण." यातल्या 'आपण'मध्ये पैसे देणारा कोण असतो, हे जाणकारांना सांगायला नको.

मी म्हटलं, "साहेब, आधी पीओ द्या. नग, दर, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, चाकाचा साइज, तारीख, पेमेंट, सगळं त्यात येऊ द्या. मगच पत्रा कापतो."

पलीकडे शांतता. मग जरा दुखावलेला आवाज. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

इथेच खरी परीक्षा. पैसे मागताना वाटत नाही तेवढी लाज कागद मागताना वाटते. मी विचारलं, "साहेब, मुलीच्या लग्नात याद्या केल्या होत्या ना? व्याह्यांवर विश्वास नव्हता म्हणून?" ते हसले. म्हणाले, "याद्या केल्या म्हणून तर आजही बोलणं आहे."

मग मी त्यांचाच फायदा मोजून दाखवला. पीओ असला की पत्रा महागला म्हणून मी मध्येच दर वाढवू शकत नाही. जुन्या ड्रॉइंगवर माल बनवला तर रिजेक्शन माझ्या माथी. शिवाय बिनपीओचा टेम्पो त्यांच्याच गेटवर अडतो. सिक्युरिटीवाला चलनावर आधी पीओ नंबर शोधतो; तो नाही तर आवक नाही, आवक नाही तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, नाही. आणि पीओ, जीआरएन, बिल हे तीन कागद जुळल्याशिवाय अकाउंट्सवाले पैसे सोडत नाहीत. घाईघाईत नंतर पीओ बनवलाच, तर त्याची तारीख बिलाच्या पुढची. ऑडिटर असल्या तारखांवर बरोबर बोट ठेवतो आणि मग खुलासा लिहायला बसतो तो साहेबांचाच विभाग.

तरी गाडी हलेना. शेवटी मी थेट त्यांच्या अकाउंट्सच्या बाईंना गाठलं. आमचं युनिट सूक्ष्म उद्योगात नोंदलेलं आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे पेमेंटची मुदत लेखी ठरलेली नसेल, तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी ठरलेली असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस. "म्हणजे मॅडम," मी म्हटलं, "पीओवर 45 लिहिलं तर महिनाभर जास्त तुम्हालाच मिळतो. तोंडी कामाला पंधराच."

बाईंनी चष्मा काढला. मुदत चुकली तर तो खर्च आयकरात त्या वर्षी नव्हे, तर पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी धरला जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. 2023-24 पासून मार्चअखेरीला त्या तेच तपासत बसतात. त्यांनी परचेसला फोन लावला. प्रॉडक्शनच्या साहेबांची लाइन थांबली होती तेव्हा न हललेली सही त्या फोनने दुपारच्या चहाच्या आत झाली. मोठ्या कंपनीत खरी सत्ता कुणाकडे असते, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

पीओ मेलवर आला. मी तो चष्मा लावून वाचला, कारण न वाचता स्वीकारलेला पीओ न घेतलेल्या पीओपेक्षा महाग पडतो. नग 40, बरोबर. चाकं सहा इंची, नवीन दर, बरोबर. पेमेंट 45 दिवस. उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का कपात, ठीक. डिलिव्हरीची तारीख: गेला मंगळवार.

पत्रा अजून दुकानदाराकडे होता आणि मी दंडाला पात्र होतो. परचेसने तारीख मोजली होती ती साहेबांनी पहिल्यांदा मागणी टाकली त्या दिवसापासून. मी मेल टाकला, "पीओ मिळाल्यापासून 12 दिवस असं करून द्या." सुधारित पीओ आला. मी स्वीकारल्याचं उत्तर पाठवलं आणि पत्र्यासाठी गाडी काढली.

गाडी गेटबाहेर पडतेय तोच साहेबांचा फोन. "काय शेठ, झाल्या का ट्रॉल्या?"